एका ओळीच्या आठ फेऱ्या : व्यंगचित्राखालचं कॅप्शन कसं घासावं

व्यंगचित्राखालची ओळ बहुतेक वेळा सुचते तेव्हा अर्धी चांगली असते. विनोद असतो, पण तो ओळीत भलत्याच जागी बसलेला असतो. अशा वेळी बरेच जण पूर्ण ओळ खोडून नवी लिहितात, मग तिसरी, मग चौथी. शेवटी पाच वेगवेगळ्या ओळी हातात येतात आणि त्यातली बरी कोणती हे सांगता येत नाही, कारण प्रत्येकीत सगळंच बदललेलं असतं. पहिली फसली ती शेवटच्या शब्दामुळे की सुरुवातीच्या संबोधनामुळे, हे कळायला वावच राहत नाही.

त्यापेक्षा एका फेरीत एकच गोष्ट हलवावी. शेवट बदलायचा असेल तर बाकीची ओळ जागेवरून हलू द्यायची नाही. पहिला शब्द बदलायचा असेल तर शेवटाला हात लावायचा नाही. हे कसं चालतं ते एकच चित्र घेऊन, पहिल्या कच्च्या ओळीपासून छापायच्या ओळीपर्यंत पाहू.

चित्र आणि कच्ची ओळ

हाउसिंग सोसायटीचं फाटक. प्लास्टिकच्या खुर्चीवर वॉचमन, समोर लाकडी टेबल, त्यावर उघडं रजिस्टर आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. फाटकात यमराज उभे आहेत, मुकुट, मिशा, हातात पाश, मागे रेडा. वॉचमन तोंड उघडून काहीतरी सांगतोय. यमराजांचं तोंड बंद आहे.

या चित्राला सगळ्यांना पहिल्यांदा सुचेल ती ओळ रेड्याच्या पार्किंगची. व्हिजिटर पार्किंग भरलंय, रेडा बाहेर लावा, वगैरे. ती सोडून द्यावी. ज्या गोष्टीकडे चित्रात पहिली नजर जाते, तिच्यावरची ओळ वाचकाने स्वतःच रचलेली असते. खालची ओळ वाचायच्या आधीच तो तिथे पोचलेला असतो. दुसरी कल्पना थोडी आत दडलेली आहे. यमराज आत एकटे जाणार, पण बाहेर पडताना त्यांच्यासोबत कोणीतरी असणार, आणि वॉचमनला चिंता आहे ती फक्त रजिस्टरची. ही कल्पना घेतली तर कच्ची ओळ साधारण अशी होते :

"अहो यमराज, तुम्ही ज्यांना न्यायला आलात त्यांना घेऊन बाहेर जाताना या रजिस्टरमध्ये तुम्हा दोघांनाही सही करावी लागेल."

सतरा शब्द. विनोद आत आहे, पण शोधावा लागतो. कच्ची ओळ इतकी लांब असली तरी बिघडत नाही, उलट बरंच. कल्पना पूर्ण मांडलेली असली की नंतर काय कापलं ते दिसतं.

आता वहीत डाव्या पानावर ही ओळ लिहा आणि तिला १ नंबर द्या. उजव्या पानावर त्या फेरीत काय हलवायचं ते एका शब्दात लिहा : शेवट, लय, पहिला शब्द, क्रियापद. प्रत्येक फेरीत तीन किंवा चार पर्याय पुरतात. खोडायचं काहीच नाही, कारण मागे फिरायची वेळ हमखास येते. आणि हे कागदावरच करा. स्क्रीनवर ओळ दुरुस्त केली की जुनी नाहीशी होते, आणि ‘आधीची बरी होती’ असं वाटलं तरी ती नेमकी कशी होती ते आठवत नाही.

पहिली फेरी : चित्राने सांगितलेलं ओळीतून काढणं

या फेरीत फक्त काढायचं. नवा शब्द घालायचा नाही, क्रम बदलायचा नाही. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारायचं, हे चित्रात दिसतं का?

‘अहो यमराज’ दिसतं, मुकुट आणि रेडा आहे. ‘ज्यांना न्यायला आलात त्यांना घेऊन’ हेही दिसतं, हातात पाश आहे. तो काय कामाचा हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. ‘या रजिस्टरमध्ये’ समोरच आहे. ‘तुम्ही’, ‘तुम्हा’ हे समोरच्या माणसाशी बोलताना गरजेचे नाहीत. उरलं :

"बाहेर जाताना दोघांनाही सही करावी लागेल."

सहा शब्द. ‘बाहेर’ खरं तर जातानामध्येच आलंय, पण ते चित्रात दिसत नाही, म्हणून या फेरीच्या नियमाने ते राहू द्या. हा हट्ट वाटेल, पण असा एक शब्द ‘जाता जाता’ उडवायची सवय लागली की फेऱ्यांचा उपयोग संपतो.

ही फेरी नीट झाली की नाही याची खूण अशी. चित्र झाकून नुसती ओळ वाचा. ती अर्धवट, जवळजवळ निरर्थक वाटली पाहिजे. चित्राशिवायही ओळ पूर्ण विनोद सांगत असेल, तर चित्र तिथे फक्त सजावटीला आहे. आर. के. लक्ष्मण यांच्या ‘यू सेड इट’मध्ये कॉमन मॅन स्वतः कधी बोलत नाही, बोलतो तो त्याच्या समोरचा माणूस. त्या गप्प चेहऱ्याकडे पाहिल्याशिवाय ती ओळ पुरी होत नाही. दुसऱ्या टोकाला शि. द. फडणीस यांची हास्यचित्रं आहेत, ज्यांना बहुतेकदा खाली ओळच लागत नाही. या फेरीत कधीकधी सगळी ओळच कापली जाते आणि चित्र तसंच हसवतं, तेव्हा वाईट वाटून घेऊ नये.

दुसरी फेरी : शेवट

आता ओळीतला विनोदाचा शब्द कोणता ते ठरवा. तो सहसा एकच असतो. इथे तो ‘दोघांनाही’ आहे, कारण दुसरी व्यक्ती त्याच शब्दातून आत येते. तो वाचेपर्यंत ओळ सोसायटीची आहे आणि वाचल्यावर मरणाची.

आणि तो मध्ये अडकलाय. त्याच्यामागे ‘सही करावी लागेल’ असे तीन शब्द येतात. वाचक हसायला तयार झालेला असताना त्याला आणखी तीन शब्द ओलांडावे लागतात. मराठीत ही अडचण कायमची आहे, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं आणि ते बहुतेकदा सगळ्यात रटाळ असतं : आहे, होतं, लागेल, पाहिजे. विनोदी नाम किंवा आकडा त्याच्या आधी येतो आणि झाकला जातो.

सुटका बोलीतच आहे. बोलताना आपण क्रियापदानंतर शब्द सहज टाकतो. ‘येतोय का तो?’, ‘नाही जमणार उद्या’, ‘किती वेळा सांगायचं तुला’. तोच मोकळेपणा ओळीत घ्यायचा :

२अ. "बाहेर जाताना सही करावी लागेल, दोघांनाही."
२आ. "बाहेर जाताना सही करावी लागेल दोघांनाही."
२इ. "सही करावी लागेल दोघांनाही, बाहेर जाताना."

२इ मध्ये विनोदाचा शब्द पुन्हा मध्ये गेला आणि ‘बाहेर जाताना’ शेपटासारखं लोंबत राहिलं. २आ मध्ये थांबा नाही, त्यामुळे ‘दोघांनाही’ घाईत निघून जातो. २अ मध्ये वॉचमन जरा थांबून, काहीतरी क्षुल्लक राहिलं म्हणून सांगतोय असं वाटतं. ‘दोघांनाही’ जणू त्याला आत्ता आठवलं. घ्यायची ती हीच.

मात्र शब्द क्रियापदामागे टाकण्याची ही युक्ती सगळ्याच बोलणाऱ्यांना शोभत नाही. न्यायाधीश, वृत्तनिवेदक किंवा आकाशवाणी करणारा देव असं बोलत नाही. त्यांच्या तोंडी क्रियापद शेवटीच हवं. तिथे विनोदाचा शब्दच क्रियापद होईल अशी कल्पना शोधावी लागते.

तिसरी फेरी : लय

ओळ मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचून चालत नाही, मनात आपण आपल्याला हवा तिथे जोर देतो. आणि अक्षरं मोजताना लिहिलेली नव्हे, उच्चारलेली मोजा. ‘एक’ लिहिताना दोन अक्षरं, बोलताना एकच ठोका. ‘दोन’ तसंच. ‘लागते’ तीन अक्षरी दिसतं पण तोंडात ‘लाग्ते’ होतं, दोन ठोके.

२अ चे ठोके : बा-हेर जा-ता-ना स-ही क-रा-वी ला-गेल, बारा. मग दो-घां-ना-ही, चार. लांब पूर्वार्ध आणि तुटक उत्तरार्ध हे प्रमाण वाईट नाही. तरी काहीतरी सपाट लागतं. कारण मोजणीत सापडत नाही, ते ओळीच्या हिशोबात आहे. विनोद आकड्याचा आहे : आला एक, निघाले दोन. ओळीत ‘दोन’ आहेत पण ‘एक’ कुठेच नाही. ज्या पायरीवरून घसरायचं ती पायरीच बांधलेली नाही.

म्हणून बांधणी दोन पायांची करा :

३. "येताना एक सही, जाताना दोन."

सहा ठोके, मग चार. दोन्ही पाय एकाच पद्धतीने सुरू होतात, येताना, जाताना. वाचकाचा कान दुसऱ्या पायाकडूनही पहिल्याइतकीच लांबी धरून बसतो आणि तो दोन ठोके आधीच संपतो. रिकाम्या राहिलेल्या त्या दोन ठोक्यांत वाचकाची नजर चित्राकडे परत जाते आणि विनोद उमगतो.

पण प्रामाणिकपणे पाहिलं तर या फेरीत लयीबरोबर पहिला शब्दही बदलला आणि शेवटही. बांधणी बदलली की असं होतंच, ते टाळता येत नाही. अशा वेळी करायचं एकच, ज्या फेरीचा निकाल मोडला ती पुन्हा घ्यायची.

चौथी फेरी : शेवट, दुसऱ्यांदा

बाकीची ओळ जशीच्या तशी ठेवून :

४अ. "येताना एक सही, जाताना दोन."
४आ. "येताना एक सही, जाताना दोन सह्या."
४इ. "येताना एक सही, जाताना दोघांची."

४आ व्याकरणाने सर्वांत नीटनेटकी आणि परिणामाने सर्वांत मेलेली. ‘सह्या’ हा शब्द वाचकाला काही नवं देत नाही, पण शेवटची जागा मात्र खातो. लिहिणाऱ्याला वाटतं की वाक्य अपुरं राहील, म्हणून तो घातला जातो. अपुरं राहू द्यावं.

४इ जास्त फसवी आहे, कारण ती वाचताना हसू येतं. पण तिच्यात वॉचमन बदललाय. ‘दोघांची’ म्हणणाऱ्याला दुसरा कोणी येणार हे ठाऊक आहे, तो त्या माणसाबद्दल बोलतोय. ‘दोन’ म्हणणारा सह्यांबद्दल बोलतोय. त्याच्या लेखी माणूस नाहीच, रजिस्टरचा रकाना आहे. आपला विनोद या दुसऱ्या वॉचमनचा आहे. शिवाय ‘एक’ ला ‘दोन’ चा जोड बसतो, ‘दोघांची’ चा बसत नाही.

आता हात शिवशिवतात आणि आणखी कापावंसं वाटतं : "येताना एक, जाताना दोन." रजिस्टर तर चित्रात आहे, मग ‘सही’ तरी कशाला? पहिल्या फेरीच्या नियमाने ती गेलीच पाहिजे असं वाटेल. करून पाहा आणि वाचा. ‘एक’ आणि ‘दोन’ आता सह्या राहिल्या नाहीत, माणसं झाली. वॉचमन थेट मरणाची मोजदाद करतोय. ओळ गडद झाली, कदाचित भारदस्तही, पण कारकुनी आंधळेपणा गेला आणि त्याबरोबर हसूही. ‘सही’ हा शब्द मृत्यूला झाकून ठेवतो, म्हणून तो हवा. जास्त कापल्याची खूण हीच, ओळ कळते तर खरी, पण बोलणारा माणूस नाहीसा होतो.

पाचवी फेरी : पहिला शब्द

पहिल्या शब्दाचं काम विनोद करणं नसतं. कोण बोलतंय, कोणाशी आणि कोणत्या आवाजात, हे तो सांगतो. म्हणून त्याला शेवटानंतर हात लावावा. शेवट ठरल्यावरच कळतं की सुरुवात किती साधी ठेवायची.

५अ. "येताना एक सही, जाताना दोन."
५आ. "साहेब, येताना एक सही, जाताना दोन."
५इ. "नियम आहे, येताना एक सही, जाताना दोन."
५ई. "ओ पाहुणे, येताना एक सही, जाताना दोन."

५अ पाटीवर लिहिल्यासारखी वाटते. बोलणारा माणूस ऐकू येत नाही. ५इ मध्ये ‘नियम’ हा शब्द वाचकाला आधीच सांगून टाकतो की आता नियमाची थट्टा येणार आहे. ५ई मध्ये आवाज आहे, पण तो या फाटकावरचा नाही, आणि यमराजांना ‘पाहुणे’ म्हणणं हा स्वतःच एक छोटा विनोद आहे. ओळीच्या तोंडाशी छोटा विनोद ठेवला की शेवटचा मोठा फिका पडतो. ५आ मधला ‘साहेब’ चालतो. फाटकावर येणाऱ्या गाडीवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत वॉचमन ज्याला त्याला साहेब म्हणतो, आणि यमराजही त्यातलेच एक ठरतात. घाबरणं नाही, आश्चर्यही नाही.

(मुंबई-पुण्यातल्या कित्येक फाटकांवर हे वाक्य प्रत्यक्षात हिंदीत बोललं जाईल, हे खरंच आहे. पण ओळ हिंदीत केली की वाचकाचं लक्ष वॉचमन कुठला याकडे जातं आणि चित्राचा विषयच बदलतो. भाषा हाही एक घटकच आहे. बदलायची तर तिची वेगळी फेरी घ्या.)

संबोधनाची जागाही याच फेरीत तपासावी. शेवटी टाकलं, "जाताना दोन, साहेब", तर ‘दोन’ ने मिळवलेली जागा ‘साहेब’ घेतो. मध्ये टाकलं, "येताना एक सही साहेब, जाताना दोन", तर बोलायला फार सहज. दोन पायांच्या मधला थांबाही आपोआप मिळतो, आणि क्षणभर वाटतं की हेच ते. पण ‘सही साहेब’ असे दोन शब्द शेजारी आले. ‘सही’ म्हणजे झकास, असं तरुण वाचक रोज बोलतो. त्याचा डोळा तिथे अडखळतो, ‘एकदम सही, साहेब!’ असं काहीतरी वाचतो आणि मागे येऊन पुन्हा वाचतो. अर्ध्या सेकंदाचा हा अडथळा लिहिणाऱ्याला कधीच दिसत नाही, कारण त्याला वाक्य पाठ असतं. स्वल्पविराम घालून तो काढता येईल, पण इतक्या छोट्या ओळीत तीन तुकडे होतील. ‘साहेब’ सुरुवातीलाच बरा.

सहावी फेरी : क्रियापद

५आ पुन्हा वाचली की एक उणीव जाणवते. बोलणारा माणूस आला, पण तो अजून सूचनाफलकाच्या भाषेत बोलतोय. वॉचमन ‘येताना एक सही’ म्हणून थांबणार नाही, तो क्रियापद लावील. शेवटाजवळ क्रियापद नको, हे दुसऱ्या फेरीत ठरलं. पहिल्या पायात मात्र ते घालता येतं, आणि मग दुसऱ्या पायात ते गाळलं तरी कानाला पुरतं.

६अ. "साहेब, येताना एक सही लागेल, जाताना दोन."
६आ. "साहेब, येताना एक सही घेतो, जाताना दोन."
६इ. "साहेब, येताना एक सही लागते, जाताना दोन."

हे तीन पर्याय वरवर सारखेच. ‘लागेल’ म्हणजे आज, तुम्हाला. वॉचमनने या पाहुण्याला ओळखलंय आणि त्याच्यापुरतं सांगतोय. ‘घेतो’ मध्ये वॉचमन स्वतः पुढे येतो, थोडा अधिकार गाजवतो. ‘लागते’ मध्ये मात्र भलतीच गोष्ट घडते. ही नेहमीची रीत झाली. म्हणजे या फाटकातून असे साहेब येतच असतात, आणि सोसायटीने त्यांच्यासाठी नियमही करून ठेवलाय. एका काळाच्या फरकाने चित्रामागे सगळी सोसायटी उभी राहिली, तिच्या कमिटीसकट. सहाव्या फेरीची कमाई इतर सगळ्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे, आणि एरवी ती हातून सुटली असती, कारण क्रियापदाचा काळ हा ‘घटक’ आहे असं कोणी धरत नाही.

ठोके आता दहा आणि चार. पहिला पाय लांबला, दुसरा तेवढाच राहिला, त्यामुळे ‘दोन’ आणखी अचानक येतो.

याच फेरीत ‘च’ आणि ‘मात्र’ यांची लालूच होते : "येताना एकच सही लागते, जाताना मात्र दोन." दोन्ही काढून टाका. ‘एकच’ म्हटलं की वाचक दोनची वाट पाहू लागतो, आणि ‘मात्र’ म्हटलं की त्याला कळतं, आता उलटं येणार. विनोदी ओळीत अव्यय बहुतेकदा वाचकाचा हात धरून त्याला पायरी दाखवतं. इथे तर त्याने घसरायला हवंय.

मध्येच नवी कल्पना सुचली तर

ती सुचतेच, आणि बहुधा याच सुमारास. रजिस्टरचे रकाने मनात येतात, नाव, फ्लॅट नंबर, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. आणि डोक्यात वीज चमकते : "साहेब, जाण्याची वेळ भरा." जाण्याची वेळ म्हणजे मरणाची, आणि ‘भरा’ मागे ‘दिवस भरले’ चाही नाद आहे.

ही पुढची फेरी नव्हे, हा नवाच विनोद आहे. वही उलटी करून मागच्या पानावर तिला १ नंबर द्या आणि आत्ताची ओळ पुरी करा. दोन विनोद एका ओळीत घुसडले ("जाताना दोन सह्या आणि जाण्याची वेळ भरा") की दोन्ही मरतात. नंतर या नव्या ओळीच्याही फेऱ्या घ्याव्यात, फक्त तिचा स्वभाव वेगळा आहे हे लक्षात ठेवून. ती शब्दावरची कोटी आहे. कोटीत वाचक शब्दापाशी थांबून लेखकाला दाद देतो आणि फाटकावरचा माणूस मागे राहतो. या चित्राला सह्यांचीच ओळ बरी, असं आमचं मत. कोटीची आवड असणारे उलट सांगतील.

सातवी फेरी : विरामचिन्हं

इथे शब्द गोठवायचे. हलवायचं ते फक्त दोन पायांमधलं चिन्ह. स्वल्पविराम, पूर्णविराम, तुटक रेघ, तीन टिंबं.

"साहेब, येताना एक सही लागते… जाताना दोन." ही तीन टिंबं ‘आता हसा’ असं सांगतात. रेघेचंही तेच, जरा कमी. पूर्णविराम, "सही लागते. जाताना दोन.", वॉचमनला जास्त गंभीर करतो. ते वाईट नाही, पण तो मुद्दाम थांबल्यासारखा वाटतो. त्याच्या मनात काहीच नाही, तो रोजचं वाक्य बोलतोय, म्हणून स्वल्पविराम. शेवटी उद्गारचिन्ह तर अजिबात नको. बोलणारा स्वतः हसला की वाचकाला हसायला काही उरत नाही.

"साहेब, येताना एक सही लागते, जाताना दोन."

दोन ओळीत मोडायची वेळ आली तर ‘लागते,’ नंतरच मोडा. अरुंद स्तंभात ओळ आपोआप ‘जाताना’ नंतर मोडली आणि ‘दोन.’ एकटा खाली पडला, तर नजर आधी त्या एकट्या शब्दावर जाते. मासिकाला पाठवताना मोडण्याची जागा तिरक्या रेघेने दाखवून द्यावी. फोनवर पाहायच्या चित्रात ओळ वेगळी टाइप करण्यापेक्षा चित्राच्या फाइलमध्येच लिहून टाकावी, म्हणजे प्रत्येकाच्या स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे ती भलतीकडे मोडत नाही.

आठवी फेरी : दुसऱ्यांचे डोळे

आधी ओळ एक रात्र बाजूला ठेवा. मग चार-पाच माणसं शोधा, पण एका माणसाला एकच ओळ दाखवा. ६अ आणि ६इ दोन्ही समोर ठेवून ‘कोणती आवडली?’ असं विचारणं निरुपयोगी आहे. विनोद त्याला पहिल्या ओळीतच कळलेला असतो, दुसरी ओळ तो विनोद म्हणून नव्हे तर परीक्षक म्हणून वाचतो, आणि परीक्षक नेहमी जास्त स्पष्ट ओळ निवडतो. एखादी ओळ पहिल्यांदा वाचणारा माणूस एकदाच मिळतो, त्याला जपून वापरावं.

चित्र हातात द्या आणि गप्प बसा. हसला की नाही यापेक्षा डोळे कुठे जातात ते पाहा. ओळ वाचून झाल्यावर नजर वर, चित्राकडे, परत गेली तर ओळ काम करतेय. ओळीवरच रेंगाळली, तर कुठेतरी शब्द अडखळवतोय. नंतर फक्त एवढंच विचारा, ‘इथे काय चाललंय?’ तो जर म्हणाला की वॉचमन यमाला घाबरत नाही, तर अर्धाच विनोद पोचला आणि ‘दोन’ सुटला. म्हणाला की कोणालातरी न्यायला आलाय आणि याला सह्यांची पडलीय, तर पूर्ण पोचला. पाचांपैकी दोघांचा ‘दोन’ सुटला तर ओळ स्पष्ट करायच्या मागे लागू नका, आधी चित्र पाहा. पाश झाकला गेलाय का? यमराज नाटकातला राजा तर वाटत नाही ना?

या सगळ्यात किती फेऱ्या घ्यायच्या याला आकडा नाही, थांबायची खूण मात्र आहे. लागोपाठ दोन फेऱ्यांत सगळे पर्याय करून पाहिले आणि दोन्ही वेळा आधीचीच ओळ बरी ठरली, तर ती झाली. सातव्या फेरीत चारपैकी स्वल्पविरामच टिकला. आठवीत कोणी अडखळलं नाही, म्हणजे ओळ तयार.

चित्र अजून पेन्सिलीत असेल तर आणखी एक सोय आहे. ओळ ठरल्यावर चित्रातही एकच गोष्ट हलवून पाहता येते. वॉचमनने पेन यमराजांपुढे धरलंय, की त्याचं बोट रजिस्टरच्या रकान्यावर आहे? पेन पुढे धरलं तर ‘सही’ आधीच दिसते आणि ओळीचा पहिला पाय थोडा शिळा होतो. बोट रकान्यावर, मान खाली, यमराजांकडे नजरही नाही, अशा वॉचमनच्या तोंडी ही ओळ जास्त खुलते. फक्त चित्र बदललं की पहिली फेरी पुन्हा घ्यावी लागते, कारण आता चित्र काय सांगतंय तेच बदललेलं असतं.